जुन्या पत्रिकेतली घटी-पळं घड्याळाच्या वेळेत कशी आणायची

घरात आजी-आजोबांच्या किंवा आईवडिलांच्या जुन्या पत्रिका असतील तर त्यात जन्मवेळ बऱ्याचदा तास-मिनिटात नसतेच, "सूर्योदयात् गतघट्यः ४६ पलानि ४०" असं काहीतरी लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअरला मात्र तारीख आणि घड्याळाची वेळ लागते, आणि तिथेच लोक अडकतात. गणित चौथीतलं आहे, गुणाकार नि बेरीज. घोळ होतो तो गणितात नाही तर मोजायला सुरुवात कुठून करायची यात, म्हणून या लेखात आकडेमोड पटकन उरकतो आणि सूर्योदयावर जास्त वेळ घालवतो. सगळी उदाहरणं आपल्या कोल्हापूरची घेतलीत, दुसऱ्या गावासाठी पद्धत तीच पण आकडे वेगळे.

आधी मापं

एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा जो दिवस, रात्र धरून, त्याचे ६० भाग म्हणजे ६० घटी. कोणी घटी म्हणतं, कोणी घटिका, बोलताना घटका, तिन्ही एकच. २४ तासांचे ६० भाग केले की एक घटी २४ मिनिटांची होते. एका घटीची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. पळाची परत ६० विपळं होतात पण पत्रिका वाचताना ती सोडून द्या, कारण ती अर्ध्या सेकंदापेक्षाही लहान आहेत आणि पुढे दिसेलच की आपल्याला एक-दोन मिनिटांच्या आत नेमकं जाता आलं तरी खूप.

डोक्यात ठेवायच्या दोनच गोष्टी. अडीच घटी म्हणजे एक तास आणि अडीच पळं म्हणजे एक मिनिट. बाकी सगळं यातून निघतं. मुहूर्त दोन घटींचा म्हणजे ४८ मिनिटं, प्रहर साडेसात घटींचा म्हणजे तीन तास, हे ओघाने येतं.

एक खुलासा इथेच करतो कारण पुढे गोंधळ होतो. दिवसाची लांबी ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे दिवसाचे १५ समान भाग करून जे मुहूर्त काढतात ते उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड होतात. घटीचं तसं नाही, घटी बाराही महिने २४ मिनिटांचीच. बदलतं ते एवढंच की दिवसात किती घटी बसतात. कोल्हापुरात २१ जूनच्या आसपास सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जवळपास ३२ घटी ४७ पळं असतात आणि २१ डिसेंबरला २७ घटी ५० पळं. पंचांगात यालाच दिनमान म्हणतात.

आकडेमोड, तोंडी करायची

घटींची दुप्पट करा आणि पाचाने भागा. भागाकार आला ते तास, आणि बाकी जेवढी उरेल तिला १२ ने गुणलं की मिनिटं. पळांचंही तसंच, दुप्पट करून पाचाने भागा, भागाकार मिनिटं, आणि बाकी गुणिले १२ म्हणजे सेकंद.

१८ घटी ३५ पळं घेऊ. १८ ची दुप्पट ३६, पाचाने भागले तर ७ आणि बाकी १, म्हणजे ७ तास १२ मिनिटं. ३५ ची दुप्पट ७०, पाचाने भागले १४, बाकी शून्य, म्हणजे १४ मिनिटं. एकूण ७ तास २६ मिनिटं. झालं.

कॅल्क्युलेटरवर करणारे इथे हमखास एक गोष्ट करतात, १८ घटी ३५ पळं हे १८.३५ असं टाकतात आणि २४ ने गुणतात. मग उत्तर ४४०.४ मिनिटं येतं, म्हणजे ७ तास २० मिनिटं, आणि सहा मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. पळं साठाची आहेत, शंभराची नाहीत, त्यामुळे ३५ पळं म्हणजे घटीचा ०.३५ भाग नव्हे, ०.५८ भाग. जुन्या पत्रिकेत मधे टिंब देऊन "१८.३५" असंच लिहिलेलं असतं म्हणून तर हे फार होतं. टिंब दिसलं तरी दोन वेगळे आकडे समजा आणि दोन्हीचं वेगवेगळं करा.

आता आलेले ७ तास २६ मिनिटं ही वेळ नाही. ते सूर्योदयानंतर गेलेले तास आहेत. मी हे मुद्दाम वेगळं सांगतोय कारण ७:२६ बघून "सकाळी साडेसातचा जन्म" असं ठरवून मोकळे झालेले लोक मी बघितलेत. त्यात सूर्योदयाची वेळ मिळवायची आहे अजून.

सूर्योदय कुठला घ्यायचा

सूर्योदय त्याच गावचा आणि त्याच तारखेचा. वर्ष तेच मिळालं नाही तरी फारसं बिघडत नाही, कारण एकाच तारखेचा सूर्योदय दरवर्षी एखाद्या मिनिटाच्या फरकाने तोच असतो. १९६० सालच्या २१ जूनसाठी यंदाच्या २१ जूनचा कोल्हापूरचा सूर्योदय बघितला तरी चालतो.

कोल्हापुरात सूर्योदय वर्षभरात साधारण तासाभराने हलतो. मेच्या शेवटी नि जूनच्या सुरुवातीला सहाच्या ठोक्याला, २१ जूनला ६:०१, मार्चमध्ये दिवसरात्र सारखी होते तेव्हा ६:३७ च्या सुमारास, २१ डिसेंबरला ६:५७ आणि सगळ्यात उशिरा जानेवारीच्या मध्यावर ७:०५ च्या आसपास. म्हणजे "सूर्योदय सहाला" असं सरसकट धरून हिशोब केला तर जूनमधल्या माणसाचं बरोबर येईल आणि जानेवारीतल्या माणसाचा तासभर चुकेल, आणि जन्मवेळ तासभर चुकली तर बऱ्याचदा लग्नरासच बदलते कारण एक रास साधारण दोन तास टिकते.

गावाचं म्हणाल तर नागपूरचं उदाहरण बघा. नागपूर आपल्यापासून जवळपास पाच अंश पूर्वेला आहे आणि साडेचार अंशांच्या आसपास उत्तरेलाही, त्यामुळे २१ जूनला तिथे सूर्य ५:३३ ला उगवतो, आपल्याकडे ६:०१ ला. २८ मिनिटांचा फरक, एका घटीहून जास्त. समजा नागपूरसाठी केलेल्या पंचांगात त्या दिवशी तिथीची समाप्ती २० घटी ० पळं दिली आहे. २० घटी म्हणजे ८ तास, ५:३३ मध्ये मिळवले की दुपारी १:३३. तिथी संपते तो क्षण सगळ्या देशात एकच असतो, म्हणून कोल्हापुरातही ती १:३३ लाच संपणार. पण कोल्हापूरच्या सूर्योदयापासून मोजलं तर १:३३ पर्यंत ७ तास ३२ मिनिटंच होतात, म्हणजे १८ घटी ५० पळं. कोणी नागपूरच्या २० घटींत कोल्हापूरचे ६:०१ मिळवले तर उत्तर २:०१ येईल आणि ते चूक. थोडक्यात घटी ज्या गावच्या, सूर्योदय त्याच गावचा, मग आलेली घड्याळाची वेळ सगळीकडे चालते. पंचांग हातात घेतल्यावर पहिल्या पानांवर ते कुठल्या गावासाठी केलंय हे लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक पत्रिका शेवटपर्यंत सोडवू

आमच्या शिवाजी पेठेतल्या एका मावशींचा प्रश्न होता. त्यांच्या पत्रिकेत वार मंगळवार आहे, शाळेच्या दाखल्यावर तारीख २२ जून १९६० आहे, आणि मोबाईलमध्ये २२ जून १९६० ला बुधवार दाखवतो. "आवो, मग मी मंगळवारची का बुधवारची? का दाखलाच चुकीचा हाय?" पत्रिकेत शके १८८२, जन्मगाव कोल्हापूर आणि सूर्योदयात् गतघटी ४६ पळं ४०.

करू या. ४६ ची दुप्पट ९२, पाचाने भागले १८, बाकी २, म्हणजे १८ तास २४ मिनिटं. ४० ची दुप्पट ८०, पाचाने भागले १६ मिनिटं. एकूण १८ तास ४० मिनिटं. मंगळवारी २१ जूनचा सूर्योदय ६:०१, त्यात १८:४० मिळवले की २४:४१ होतात.

२४ च्या पुढे गेलं म्हणजे मध्यरात्र ओलांडली. २४ वजा केले की ०:४१, म्हणजे रात्री बारा वाजून ४१ मिनिटं, आणि इंग्रजी तारीख एकने पुढे, २२ जून. पण पत्रिकेतला वार बदलत नाही कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. बुधवारचा सूर्य उगवायला अजून पाच तासांच्या वर वेळ होता. म्हणजे दाखलाही बरोबर आणि पत्रिकाही बरोबर, मावशी पंचांगाप्रमाणे मंगळवारच्या आणि इंग्रजी तारखेने २२ च्या.

या जागी दोन्हीकडून गडबड होते. कोणी पत्रिकेतला मंगळवार बघून सॉफ्टवेअरमध्ये २१ जून, ००:४१ टाकतं, म्हणजे अख्खा एक दिवस मागे गेला आणि चंद्र तेवढ्यात १३ अंशांच्या आसपास सरकलेला असतो, नक्षत्रच बदलून जाईल. तर कोणी दाखल्यावरची २२ तारीख घेऊन तिच्या सूर्योदयापासून ४६ घटी मोजतं आणि थेट २३ जूनला पोचतं. नियम असा की घटी मोजायला सुरुवात पत्रिकेतल्या वाराच्या सूर्योदयापासून, आणि बेरीज २४ च्या पुढे गेली तरच तारीख पुढे.

कितव्या घटीला मध्यरात्र होते हे पण ऋतूवर आहे, पाठ करून ठेवायची गोष्ट नाही. कोल्हापुरात २१ जूनला मध्यरात्र ४४ घटी ५७ पळांना होते, जानेवारीच्या मध्यावर ४२ घटी १७ पळांना. म्हणजे ४३ घटी लिहिलेलं असेल तर जूनमध्ये ते रात्रीचे ११:१३ आणि तारीख तीच, जानेवारीत १२:१७ आणि तारीख दुसरी.

४१ मिनिटं का ४५

आता मावशींनी आणखी एक सांगितलं, त्यांची आई कायम म्हणायची की "रात्री पाऊणला झालीस." पाऊण म्हणजे १२:४५, आपलं उत्तर १२:४१. चार मिनिटं कुठून आली?

त्यासाठी १९६० साली पत्रिका कशी झाली असेल हे डोळ्यासमोर आणावं लागतं. फार जुन्या काळी तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायचे, भोकातून पाणी आत येत जाऊन ते बुडालं की एक घटी भरली, परत रिकामं करून सोडायचं. १९६० मध्ये घरात जन्म झाला तर कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लक्षात ठेवली असणार आणि ती जोशीबुवांना सांगितली असणार. जोशीबुवांनी तिच्यातून आपल्या पंचांगातला सूर्योदय वजा केला आणि उरलेल्या तासांच्या घटी केल्या. म्हणजे मुळात वेळ घड्याळाचीच होती, घटीत नंतर आली. आपण ती उलट फिरवतोय, तर त्यांनी जो सूर्योदय वजा केला तोच आपण मिळवला पाहिजे, तरच मूळ वेळ परत मिळेल.

आणि त्यांचा सूर्योदय आपल्या मोबाईलच्या सूर्योदयापेक्षा वेगळा असू शकतो. मोबाईलमध्ये जो दाखवतात तो सूर्याच्या बिंबाची वरची कड क्षितिजावर दिसायला लागते तेव्हाचा, शिवाय हवेमुळे प्रकाश वाकतो आणि सूर्य खरा असतो त्याहून थोडा वर दिसतो, ते पण त्यात धरलेलं असतं. काही पंचांगं मात्र बिंबाचा मध्य क्षितिजावर येतो तो क्षण घेतात आणि हवेचा परिणाम धरत नाहीत. या दोन व्याख्यांमध्ये आपल्याकडे जूनमध्ये जवळपास चार मिनिटांचा फरक पडतो. २१ जूनला दुसऱ्या पद्धतीने कोल्हापूरचा सूर्योदय ६:०५ येतो. ६:०५ अधिक १८:४० किती? २४:४५. पाऊण.

मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी तपासणी हीच आहे. आलेली वेळ पावणे, सव्वा, साडे किंवा पाच मिनिटांच्या पटीत बसते का बघा, कारण घरातली माणसं घड्याळ बघून तशाच वेळा सांगायची. तुमचं उत्तर १२:४१ असं अर्धवट येत असेल आणि तीन-चार मिनिटं इकडेतिकडे केल्यावर ते गोल आकड्यावर बसत असेल तर सूर्योदयाच्या व्याख्येचा फरक असण्याची शक्यता खूप. नुसतं गोल आलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पण घरातल्या कोणाच्या आठवणीशी पण जुळलं तर मी ते धरतो.

सगळ्यात बरं म्हणजे पत्रिकेतच जोशीबुवांनी सूर्योदय लिहिलेला असला तर. बऱ्याच पत्रिकांत असतो, वरच्या मजकुरात शके, मास, तिथी यांच्या आसपास बघा. असेल तर मोबाईल बाजूला ठेवा आणि तोच घ्या.

यातूनच हे पण लक्षात येईल की पळ जरी २४ सेकंदांचं असलं तरी त्याने सेकंदाची अचूकता मिळत नाही. सूर्योदयातच तीन-चार मिनिटं म्हणजे आठ-दहा पळांचा फरक असताना उत्तर १२ वाजून ४१ मिनिटं ३६ सेकंद असं लिहिण्यात अर्थ नाही. जवळच्या मिनिटापर्यंत काढा आणि थांबा.

आणि सूर्योदय म्हणजे सपाट क्षितिज धरून गणिताने काढलेला, आपल्याला प्रत्यक्ष दिसतो तो नव्हे. रंकाळ्यावर फिरायला गेलेल्या माणसाला सूर्य इमारतींच्या वर आल्यावरच दिसणार, पंचांगाला त्याचं काही नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात हे उलट असतं, तिथे नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीची किरणं खरोखर गाभाऱ्यात पोचावी लागतात, मधे ढग, धूळ किंवा बांधकाम आलं की अडतात. घटींच्या हिशोबात असलं काही धरायचं नसतं.

लिहिलेला सूर्योदय विचित्र वाटला तर

पत्रिकेत सूर्योदय लिहिलाय पण तो कोल्हापूरला शोभत नाही असंही होतं. समजा जूनमधला जन्म आणि सूर्योदय ५:२८ लिहिलाय. कोल्हापुरात ५:२८ ला सूर्य कधीच उगवत नाही, आजच्या घड्याळाने तरी. मग समजायचं की ते स्थानिक वेळेचं घड्याळ आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरलीय, कोल्हापूर ७४.२४ अंशांवर, एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने आपली स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटं मागे. ५:२८ मध्ये ३३ मिळवले की ६:०१, बरोबर बसलं. अशा पत्रिकेत आधी त्यांचाच ५:२८ घेऊन वेळ काढा, मग शेवटी ३३ मिनिटं मिळवून प्रमाणवेळेत आणा. प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली तरी स्थानिक वेळ वापरून पत्रिका करणं नंतरही चालू होतं, त्यामुळे नुसतं साल बघून ठरवू नका, सूर्योदयाचा आकडा बघून ठरवा.

याच्या उलट, जूनमध्ये सूर्योदय ७:०१ लिहिलेला दिसला आणि साल १९४२ ते १९४५ मधलं असेल तर दुसऱ्या महायुद्धामुळे सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशातली घड्याळं एक तास पुढे केली होती हे आठवा. तिथे आलेल्या वेळेतून एक तास वजा करायचा. काही सॉफ्टवेअर हे स्वतःहून करतात, तेव्हा दोनदा वजा होणार नाही एवढं बघा.

सूर्योदय लिहिलेलाच नसेल तर ही भानगडच येत नाही, घटी सूर्योदयापासून आहेत आणि आपण आजच्या प्रमाणवेळेतला सूर्योदय मिळवला की उत्तर प्रमाणवेळेतच येतं, घड्याळं तेव्हा कशीही असोत.

पत्रिकेतल्या दुसऱ्या घटी

पत्रिकेत घटी-पळांच्या एकापेक्षा जास्त जोड्या असतात आणि नवीन माणूस भलतीच उचलतो. आपल्याला हवी ती "सूर्योदयात् गत" किंवा "इष्टघटी" लिहिलेली. ती शून्य ते साठच्या मधेच असणार, कारण साठ झाल्या की दुसरा सूर्योदय आला.

"भयात" आणि "भभोग" अशी जोडी पण असते, ती नक्षत्राची आहे. भभोग म्हणजे चंद्राला ते नक्षत्र ओलांडायला लागणाऱ्या एकूण घटी, भयात म्हणजे जन्मापर्यंत त्यातल्या गेलेल्या. चंद्र कधी हळू कधी भरभर चालतो म्हणून भभोग साठच्या वर पण जातो, ६३ घटी वगैरे. आकडा साठच्या पुढे दिसला की ती इष्टघटी नव्हेच. तिथीपुढे आणि नक्षत्रापुढे पण घटी-पळं असतात, ती त्या दिवशी ती तिथी किंवा ते नक्षत्र कधी संपतं त्याची.

आणि "रात्रौ गतघटी" असं लिहिलेलं असेल तर मोजणी सूर्यास्तापासून आहे. मावशींचीच वेळ त्या पद्धतीने लिहिली असती तर दिनमान ३२ घटी ४७ पळं वजा होऊन रात्रौ गत १३ घटी ५३ पळं आली असती. करून बघा, १३ घटी ५३ पळं म्हणजे ५ तास ३३ मिनिटं, २१ जूनचा कोल्हापूरचा सूर्यास्त ७:०८, मिळवले की परत रात्रीचे १२:४१. "रात्रौ" शब्द न वाचता हेच सूर्योदयात मिळवले तर सकाळचे साडेअकरा येतील. घरच्यांना नुसतं विचारा, जन्म दिवसाचा का रात्रीचा, एवढ्या एका प्रश्नाने हे सुटतं.

पत्रिका बऱ्याच असतील तर

घरातल्या सगळ्यांच्या एकदम करायच्या असतील तर शीटमध्ये करा. A कॉलममध्ये घटी, B मध्ये पळं, C मध्ये सूर्योदय 6:01 असा वेळेच्या फॉरमॅटमध्ये टाका आणि D मध्ये हे:

```
=C2+(A2*24+B2*0.4)/1440
```

पळाला ०.४ यासाठी की एक पळ मिनिटाचा ०.४ भाग आहे, आणि १४४० म्हणजे दिवसाची मिनिटं. D कॉलमचा फॉरमॅट `[h]:mm` ठेवा. साधा `h:mm` ठेवला तर मावशींचं उत्तर 0:41 दिसेल आणि तारीख बदललीय हे कळणारच नाही, `[h]:mm` मध्ये 24:41 दिसतं. पत्रिकेत सूर्योदय लिहिलेला असेल तर C मध्ये तो, नसेल तर त्या तारखेचा त्या गावचा, आणि कुठला घेतला ते शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेवा.